मोरचुदात कॉपर नेमकं किती? ९९ टक्के की २५ टक्के?

आमच्याकडून मोरचूद नेणाऱ्या बऱ्याच जणांचा हा प्रश्न असतो, की पॅकिंगवर ९९% लिहिलंय मग हिशोबात कॉपर २५ टक्केच का धरायचं, बाकीचं गेलं कुठे. गेलं कुठेच नाही. ९९% ही शुद्धता आहे, म्हणजे पिशवीतल्या १०० ग्रॅम मालात ९९ ग्रॅम खरोखर मोरचूद आहे. पण मोरचूद म्हणजे नुसतं कॉपर नव्हे, त्यात सल्फर आहे, ऑक्सिजन आहे आणि भरपूर पाणी आहे, आणि या सगळ्यांचं वजन तुम्ही काट्यावर मोजता.

निळ्या खड्यांचा फॉर्म्युला CuSO₄·5H₂O. आता प्रत्येकाचं अणुवस्तुमान घ्यायचं: कॉपर ६३.५५, सल्फर ३२.०६, ऑक्सिजन १६.००, हायड्रोजन १.००८. मधला टिंब बघून काही जण गुणाकार करून टाकतात, तसं नाही, तो टिंब म्हणजे बेरीज, आणि पुढचा ५ हा अख्ख्या H₂O ला लागू होतो, फक्त हायड्रोजनला नाही. म्हणजे हायड्रोजन १० आणि ऑक्सिजन ४ अधिक ५ असे ९.

कॉपर ६३.५५, सल्फर ३२.०६, ऑक्सिजन ९ × १६ = १४४, हायड्रोजन १०.०८, सगळं मिळून २४९.६९. यात कॉपरचा वाटा ६३.५५ ÷ २४९.६९ × १०० = २५.४५ टक्के. झालं. अणू मोजून टक्के काढू नका हं, २१ अणूंमध्ये कॉपरचा एकच म्हणून ५ टक्क्यांच्या आत उत्तर येतं, पण कॉपरचा एक अणू हायड्रोजनच्या ६३ अणूंइतका जड असतो, त्यामुळे वजनात तो एकटाच पाव हिस्सा खातो.

पडताळा म्हणून बाकीचेही काढून बघा, सल्फर १२.८४, ऑक्सिजन ५७.६७, हायड्रोजन ४.०४, बेरीज १००. पण बेरीज १०० आली म्हणजे सगळं बरोबर असं मात्र समजू नका, कारण पाणी धरायचं विसरलात तरी बेरीज १००च येते, फक्त कॉपर ३९.८२ टक्के दिसतं. म्हणून फॉर्म्युला बरोबर घेतला का हे बघायला बाटलीवरचं मॉलिक्युलर वेट वाचायचं. तिथे २४९.७ च्या आसपास आकडा असेल तर पाण्यासकट, १५९.६ असेल तर पाण्याशिवायचं, म्हणजे अनहायड्रस. दशांशात थोडा फरक दिसला तर सोडून द्या.

हा फरक कागदावरचा नाही. समजा तुम्हाला ५०० ग्रॅम कॉपर हवंय. निळे खडे घेतले तर ५०० ÷ ०.२५४५ म्हणजे साधारण १९६५ ग्रॅम लागतील, अनहायड्रस घेतलं तर १२५६ ग्रॅमच पुरे. आता कुणी खड्यांचं माप लक्षात ठेवून तेवढंच, १९६५ ग्रॅम, अनहायड्रस टाकलं तर कॉपर जाईल ७८२ ग्रॅम, दीडपटीच्याही वर, आणि दोन्ही डब्यांवर नाव कॉपर सल्फेटच असतं! शुद्धता धरायची तर टक्केवारीला तिने गुणायचं, ९८% माल असेल तर २५.४५ × ०.९८ = २४.९४ टक्के, मग खडे २००५ ग्रॅमच्या आसपास घ्या. ९९% ला तर फरक अजून कमी.

एक गोष्ट डोळ्यांनीच कळते. पाणी असलेलं मोरचूद गडद निळं आणि अनहायड्रस पांढरट असतं. खडे कोरड्या उबदार हवेत उघडे राहिले की वरून फिके, पिठूळ होतात, म्हणजे पाणी उडालंय आणि तेवढ्याच वजनात कॉपर २५.४५ पेक्षा जास्त झालंय. उलट अनहायड्रसचा डबा उघडा राहिला तर ते हवेतलं पाणी ओढून निळसर होतं आणि ३९.८२ चा आकडा खाली येतो. अशा अर्धवट मालाला वरचं गणित लावून उपयोग नाही, कारण गणित फॉर्म्युलाला चालतं आणि इथे ठराविक फॉर्म्युलाच उरलेला नाही. पाणी किती ते बघायचंच असेल तर १०० ग्रॅम ताजे खडे सुमारे २५० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत तापवले की ६३.९ ग्रॅम पांढरी पूड उरायला हवी. याहून जास्त उरली तर एकतर पाणी पूर्ण गेलेलं नाही, नाहीतर माल आधीच सुकलेला होता किंवा त्यात दुसरं काही मिसळलंय.

ऑर्डर देताना नुसतं कॉपर सल्फेट न म्हणता खडे हवेत की अनहायड्रस ते सांगा, आणि कॉपर किती ग्रॅम हवंय ते माहीत असेल तर तोच आकडा द्या, वजन आम्ही काढून देऊ.