शिफ्ट ड्रम (मोटारसायकलची गिअरपेटी)

परिघावर नागमोडी खाचा कोरलेला आणि गिअरपेटीत आडवा बसवलेला दंडगोल म्हणजे शिफ्ट ड्रम. पायाच्या लिव्हरने तो टप्प्याटप्प्याने फिरतो आणि खाचांत अडकवलेले फोर्क त्याबरोबर डावी-उजवीकडे सरकून गिअर बदलतात.

या पेटीत गिअरांच्या सर्व जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात. मात्र प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असल्याने ती जोडी एरवी ताकद वाहून नेत नाही. शेजारचा सरकता गिअर येऊन भिडला आणि दोघांच्या बाजूंवरचे जाड उंचवटे, म्हणजे डॉग, एकमेकांत अडकले, की मोकळा गिअर शाफ्टला बांधला जातो. सरकत्या गिअरला हलवणाऱ्या फोर्कची दोन टोके त्याच्या गळ्याभोवतीच्या खाचेत बसतात, तर फोर्कची पिन ड्रमच्या खाचेत.

सहा गिअरांच्या एका प्रचलित मांडणीत तीन फोर्क असतात: एक पहिला व चौथा, दुसरा फोर्क दुसरा व तिसरा, आणि तिसरा फोर्क पाचवा व सहावा गिअर लावतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना लिव्हर वर उचलला की आतला आकडा ड्रमच्या टोकावरील पिनेला ओढून ड्रम एक टप्पा, बहुधा ६० अंश, फिरवतो. आधी पहिला फोर्क मागे येऊन पहिला गिअर सोडतो आणि मगच दुसरा फोर्क पुढे सरकतो. हा क्रम खाचेच्या वळणांतच असल्यामुळे दोन गिअर एकाच वेळी अडकत नाहीत, आणि पहिल्यातून थेट चौथ्यातही जाता येत नाही. पाय काढताच स्प्रिंग लिव्हरला मध्यावर आणते, तर ड्रमच्या चांदणीसारख्या चकतीच्या खळग्यात बसलेला रोलर ड्रमला जागेवर धरून ठेवतो. न्यूट्रलचा खळगा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध, पण उथळ असतो. म्हणूनच तो अर्ध्या हलक्या दाबाने सापडतो आणि जोरात उचलल्यास ओलांडला जातो.

डॉगवर ताण असेपर्यंत ते सुटत नाहीत, म्हणून क्लच दाबायचा. सिग्नलला उभ्या गाडीत कधीकधी डॉगसमोर डॉग येऊन गिअर पडत नाही. गाडी वीतभर पुढे-मागे ढकलली की तो पडतो. हा बिघाड नव्हे.

बिघाड ओळखावा तो गाडी ताणात असताना. अ‍ॅक्सिलरेटर पिळताच गिअर निसटत असेल, तर डॉगच्या कडा गोल झालेल्या असू शकतात किंवा फोर्क वाकलेला. फक्त दुसरा गिअर निसटला, तर आधी त्याचे डॉग पाहावेत. वरच्या मांडणीत दुसरा आणि तिसरा दोन्ही निसटू लागले, तर त्यांच्या सामाईक फोर्कवर संशय घ्यावा: पेटी उघडल्यावर त्याच्या टोकांवर घासल्याच्या चकाकत्या पट्ट्या किंवा उष्णतेचा निळसर डाग दिसतो आणि असा फोर्क सरळ न करता बदलावा लागतो.