वीस सेकंदांची कार्यक्रम-जाहिरात

स्थानिक मैफल, नाटक किंवा प्रदर्शन यांची माहिती ऐकणाऱ्याला देण्यासाठी लिहिलेली, वीस सेकंदांत वाचून संपणारी संहिता. ती आकाशवाणीवर, खाजगी एफएम वाहिनीवर किंवा सामुदायिक रेडिओवर वाजते, भोंगा लावलेल्या रिक्षातून गावभर फिरते आणि पुष्कळदा नाट्यगृहात मध्यंतरी निवेदक ती वाचूनही दाखवतो. कार्यक्रम काय, कधी, कुठे आणि तिकीट कितीला व कुठे मिळेल, एवढेच तिला सांगायचे असते. छापील जाहिरातीत वाचकाची नजर पुन्हा तारखेकडे वळू शकते, ऐकणाऱ्याला मात्र मागे जाता येत नाही. या संहितेचे जवळजवळ सगळे नियम याच एका अडचणीतून आले आहेत.

लांबी वीस सेकंदांचीच का, याचे कारण व्यवहारात आहे. विविध भारतीवर 1967 साली मुंबई, पुणे व नागपूर येथून व्यापारी प्रसारण सुरू झाले. रेडिओवरील जाहिरातीचा दर साधारणपणे दहा सेकंदांच्या हिशेबाने लावला जातो. दहा सेकंदांत कार्यक्रमाचे नाव आणि तारीख कशीबशी बसते, तिकिटाला जागा उरत नाही. तीस सेकंद छोट्या संस्थेच्या खिशाला जड जातात. म्हणून दोन तुकड्यांची, म्हणजे वीस सेकंदांची जाहिरात सोयीची ठरते. ध्वनिमुद्रण बावीस सेकंदांचे झाले तर सहसा तिसऱ्या तुकड्याचे पैसे पडतात, नाहीतर शेवट कापावा लागतो. शेवटी तिकिटाचा तपशील असेल तर नेमका तोच जातो.

वीस सेकंदांत किती मजकूर मावतो, हे मराठीत शब्द मोजून नीट कळत नाही. इंग्रजी जाहिरातींसाठी पन्नासेक शब्दांचा अंदाज धरतात, तो मराठीला लावला की वाचणाऱ्याची दमछाक होते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘नाट्यगृहावर’ हा एक शब्द ना-ट्य-गृ-हा-वर असा पाच उच्चारांचा आहे. स्पष्ट, न धावता वाचले तर सेकंदाला साधारण पाच ते सहा उच्चार होतात. श्वास आणि विराम वजा केले की वीस सेकंदांत शंभरच्या आसपास उच्चार बसतात. शब्दांत मोजायचे तर बत्तीस ते अडतीस. सुरुवातीला संगीताचा तुकडा घ्यायचा असेल तर त्याचा वेळही याच वीस सेकंदांतून जातो.

नमुन्यासाठी पुण्यातील एका मैफलीचे उदाहरण घेऊ. जुन्या भावगीतांचा कार्यक्रम, शनिवार, 19 डिसेंबर 2026, संध्याकाळी साडेसहा, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, तिकिटे तीनशे व दोनशे रुपये. आयोजक संस्थेकडून मजकूर बहुधा असा येतो:

‘सर्व रसिक पुणेकरांना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या संस्थेच्या वतीने दि. १९/१२/२०२६ रोजी सायं. ठीक ६.३० वा. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह येथे मान्यवरांच्या उपस्थितीत जुन्या मराठी भावगीतांचा बहारदार कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे. प्रवेशमूल्य रु. ३००/-, २००/-. तरी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.’

ही निमंत्रणपत्रिकेची भाषा आहे, आणि पत्रिकेवर ती शोभतेही. मोठ्याने वाचली की ती पन्नास शब्दांची होते आणि अर्ध्या मिनिटाच्या जवळ जाते. पहिले अकरा शब्द संपेपर्यंत पाचेक सेकंद गेलेले असतात आणि ऐकणाऱ्याला काहीच कळलेले नसते. तारीख येते तेव्हा ती कशाची हे त्याला माहीत नसते, कारण ‘भावगीते’ हा शब्द तारखेच्या नंतर आहे. कान तारीख धरून ठेवत नाही. आधी कार्यक्रम आवडावा लागतो, मग माणूस तारखेकडे लक्ष देतो. शिवाय वार नाही, कोथरूड नाही आणि तिकिटे कुठे मिळतील हेही नाही. उलट, कुणाला नको असलेले साल मात्र पूर्ण वाचले जाते. ‘दि.’, ‘सायं.’, ‘वा.’, ‘रु.’ ही संक्षिप्त रूपे डोळ्यांसाठी असतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निवेदक ‘एकोणीस बारा’ म्हणेल की ‘एकोणीस डिसेंबर’, हे त्याच्यावर सोडणे बरे नाही. म्हणून संहितेत आकडे अक्षरांत, जसे बोलायचे तसेच लिहितात.

सुधारलेली संहिता अशी होते:

‘जुन्या मराठी भावगीतांची मैफल! शनिवारी, एकोणीस डिसेंबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात. तिकिटं दोनशे आणि तीनशे रुपये, नाट्यगृहावर आणि बुकमायशोवर. पुन्हा ऐका: शनिवार, एकोणीस डिसेंबर, साडेसहा, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, कोथरूड.’

हे बत्तीस शब्द आहेत. प्रत्येक पूर्णविरामाला श्वास घेऊन वाचले तरी वीस सेकंदांच्या आत संपतात. एक वाक्य, एक माहिती असा क्रम आहे. क्रियापदे जवळजवळ नाहीत, आणि त्यांची उणीवही भासत नाही. शेवटची पुनरुक्ती अनेक आयोजकांना वाया गेलेली वाटते, तिच्या जागी प्रमुख पाहुण्यांचे नाव घालावे असा आग्रह होतो. तो मानू नये. ज्याचे लक्ष ‘भावगीतांची’ या शब्दाला वेधले गेले, त्याचे कान तारीख टिपायला तयार होतात ते तारीख एकदा सांगून झाल्यावर. दुसऱ्या वेळी सांगितलेली तारीखच बहुतेकांच्या लक्षात राहते. पुनरुक्तीत तिकिटाचा दर मुद्दाम घेतलेला नाही, कारण माणूस येण्याचे ठरवतो ते वार आणि ठिकाण लक्षात राहिले तर. दर खिडकीवरही कळतो. गायकाचे नाव मात्र लोकांना ओढणारे असेल तर ते पहिल्याच वाक्यात हवे, आणि त्यासाठी ‘मराठी’ हा शब्द काढला तरी चालतो.

तारखेबरोबर वार सांगणे ही केवळ सोय नाही, ती चुकीची दुरुस्तीही आहे. भोंग्यातून ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ यांतला फरक सहज हरवतो. पण 19 डिसेंबर 2026 शनिवारी आहे आणि 29 मंगळवारी. वार ऐकला की चुकीचा ऐकलेला आकडा आपोआप सुधारतो. त्याच कारणाने वार आणि तारीख दिनदर्शिकेशी ताडून पाहणे हे संहितेचे पहिले काम आहे. मागच्या वर्षीचा मजकूर पुढे चालवला की तारीख बदलली जाते आणि वार जुनाच राहतो, आणि मग दोन वेगवेगळ्या दिवशी लोक नाट्यगृहावर येतात. ‘उद्या’, ‘येत्या शनिवारी’ असे शब्द ध्वनिमुद्रित जाहिरातीत धोक्याचे असतात. दहा दिवस वाजणाऱ्या जाहिरातीतला ‘येता शनिवार’ पहिल्या आठवड्यात चुकीचा ठरतो. ‘उद्या’ म्हणायचेच असेल तर एका दिवसापुरती वेगळी आवृत्ती मुद्रित करून ती दुसऱ्या दिवशी काढून घ्यावी लागते.

ठिकाणाच्या बाबतीत स्थानिक माणसाला जे उघड वाटते तेच सर्वांत जास्त चुकते. पुण्यात नुसते ‘बालगंधर्व’ म्हटले की रंगमंदिर डोळ्यांपुढे येते, पण त्याच आवारात कलादालनही आहे. चित्रप्रदर्शनाच्या जाहिरातीत ‘बालगंधर्व कलादालन’ असे पूर्णच म्हणावे लागते. यशवंतराव चव्हाण यांच्या नावाची वास्तू पुण्यात कोथरूडला आहे, तशी मुंबईत नरिमन पॉइंटलाही आहे. म्हणून नाव आणि पेठ किंवा उपनगर ही जोडी तोडू नये. रस्ता, चौक, समोरचे दुकान हे सगळे मात्र वगळावे. तेवढ्या सेकंदांत पुनरुक्ती बसते.

तिकिटाविषयीच्या वाक्यात तक्रारींचे मूळ असते. ‘दोनशे रुपयांपासून’ असे म्हटले आणि दोनशेची तिकिटे बाल्कनीच्या मागच्या दोन रांगांचीच असली, तर खिडकीवर वाद होतो. दोनच दर असतील तर दोन्ही सांगावेत. तीन-चार असतील तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सांगावेत. कार्यक्रम विनामूल्य असेल तेव्हा तर अधिक जपावे लागते. ‘प्रवेश विनामूल्य’ आणि ‘प्रवेश विनामूल्य, प्रवेशिका आवश्यक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रवेशिका कुठे मिळेल हे सांगितले नाही, तर ज्येष्ठ रसिक रिक्षा करून येतात आणि दारातून परत जातात. पहिल्या प्रकारात ‘काही जागा राखीव’ हे तीन शब्द प्रामाणिकपणासाठी ठेवावेतच. दूरध्वनी क्रमांक शक्यतो घालू नये. दहा आकडे स्पष्ट म्हणायला चार-पाच सेकंद लागतात आणि एकदा ऐकून ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

प्रदर्शनाची संहिता थोडी वेगळी बांधतात. मैफल एका वेळेला सुरू होते, प्रदर्शन चार दिवस उघडे असते. म्हणून तिथे सुरुवातीच्या तारखेपेक्षा शेवटचा दिवस महत्त्वाचा: ‘मंगळवारपर्यंत, रोज सकाळी अकरा ते रात्री आठ.’ उद्घाटन कोण करणार, हे ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. उलट उद्घाटनाची वेळ सांगितली की तीच प्रदर्शनाची वेळ समजली जाते.

रिक्षासाठी तीच संहिता जशीच्या तशी चालत नाही. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारी रिक्षा सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. खिडकीतल्या माणसाला ती पन्नासेक मीटरच स्पष्ट ऐकू येत असेल, तर त्याच्या वाट्याला बारा सेकंद येतात, तेही मजकुराच्या कुठल्याही भागातले. म्हणून तिथे वीस सेकंदांचे दोन अर्धे करतात आणि कार्यक्रम, वार, ठिकाण हे तिन्ही दोन्ही अर्ध्यांत ठेवतात. तिकीट फक्त दुसऱ्या अर्ध्यात येते. ध्वनिवर्धकासाठी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर वाजवता येत नाही.

पार्श्वसंगीत वापरायचे तर ते नुसत्या वाद्यांचे असावे. बोलण्याखाली गाण्याचे शब्द आले की तारीख त्यांत विरघळते. जुन्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा घ्यायचा झाल्यास हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ती जाहिरात वाजायच्या आधी हातात असावी लागते.

तपासणीची एक साधी रीत आहे. घड्याळ लावून संहिता मोठ्याने वाचावी, मनात वाचलेली वेळ नेहमी कमी भरते. मग कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, शक्यतो स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना, ती एकदाच ऐकवावी आणि थोड्या वेळाने विचारावे: कोणत्या वारी, कुठे, तिकीट कुठे मिळेल? एकाचेही उत्तर अडखळले तर त्या वाक्याच्या आधीचा एखादा शब्द कमी करावा. अडखळणाऱ्या वाक्यात भर घालून उपयोग होत नाही.

कार्यक्रम पुढे ढकलला गेल्यास जुनी जाहिरात सर्व ठिकाणांहून आधी काढून घेतात आणि नवी तितक्याच लांबीची करतात. तिच्यात पहिले वाक्य ‘शनिवारची मैफल आता होणार नाही’ असे असते, नंतर नवा वार आणि तारीख. जुनी तारीख आकड्यांत पुन्हा उच्चारत नाहीत, कारण दोन तारखा ऐकल्या की जुनीच पक्की होते. शेवटी जुनी तिकिटे नव्या दिवशी चालतील की पैसे परत मिळतील, आणि ते कोणत्या खिडकीवर, हे सांगतात.