वॉरफरिन सुरू करणाऱ्या रुग्णाचे समुपदेशन

वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तोंडाने घ्यायचे औषध आहे. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या, संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद होऊन ठोके अनियमित झालेल्या किंवा पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांना ते दिले जाते. लोक त्याला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, गोठायला जास्त वेळ लागतो. हा वेळ आयएनआर या तपासणीत मोजतात. बहुतेक रुग्णांत तो आकडा २ ते ३ ठेवतात, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. पहिली गोळी देताना फार्मासिस्टने रुग्णाला त्याचा स्वतःचा आकडा वहीत लिहून द्यावा.

सर्वाधिक गैरसमज आहाराबाबत आहेत. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे काही घटक बनवते आणि वॉरफरिन नेमका त्यातच अडथळा आणते. पालक, मेथी, अळू, माठ, कोथिंबीर यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून ‘पालेभाजी बंद’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. गोळीची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या जेवणाला जुळवून ठरते. त्यामुळे पालेभाजी खावी, पण दर आठवड्याला साधारण सारखीच.

हे उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, झडप बदललेली एक बाई रोज ५ मिलिग्रॅम गोळी घेते, आठवड्यातून तीन-चारदा पालेभाजी खाते आणि तिचा आयएनआर २.८ आहे. काही घरांत श्रावणात पालेभाज्या वर्ज्य असतात, शिवाय सोमवार-शनिवारचे उपवास. महिनाभर साबुदाणा, भगर, बटाटा. आयएनआर ४.२ वर जातो आणि डॉक्टर मात्रा कमी करतात. पुढे भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी होते, गौरीच्या नैवेद्याला भाज्या शिजतात आणि रोजचे जेवण पूर्ववत होते. आता तोच आकडा १.८ वर घसरतो आणि झडपेवर गुठळीचा धोका निर्माण होतो. दोन्ही वेळा गोळ्या सांगितल्याप्रमाणेच घेतल्या होत्या. जेवणातला बदल तेवढा कोणी विचारला नाही. ‘पथ्य काय?’ या प्रश्नाला यादी देण्यापेक्षा ‘उपवास कोणते करता?’ हा उलटा प्रश्न फार्मासिस्टने विचारणे अधिक उपयोगी ठरते.

गोळी रोज ठरलेल्या वेळी, बहुधा संध्याकाळी घेतात, म्हणजे सकाळच्या तपासणीनंतर बदललेली मात्रा त्याच दिवशी घेता येते. गोळी चुकली आणि त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी आठवली, तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवल्यास चुकलेली सोडून द्यावी आणि त्या दिवशीची नेहमीइतकीच घ्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. औषधाचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. दुप्पट मात्रेने आजची तूट भरत नाही, उलट परवा रक्तस्रावाचा धोका वाढतो. चुकलेला दिवस कॅलेंडरवर फुलीने नोंदवावा, अन्यथा डॉक्टर घसरलेला आकडा पाहून विनाकारण मात्रा वाढवतात. लागोपाठ दोन दिवस चुकले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. धातूच्या झडपेची टिकटिक अनेकांना स्वतःला ऐकू येते. ती मंदावली किंवा बंद झाली, बोलताना जीभ अडखळली वा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये सांगावी. ‘अर्धी गोळी’ म्हटले आणि पुढच्या वेळी दुकानातून वेगळ्या ताकदीची पट्टी मिळाली की घोटाळा होतो.

रक्तस्रावाची लक्षणे रोजच्या भाषेत सांगावी लागतात. ब्रश करताना हिरड्यांतून थोडे रक्त, न आपटता उठलेले काळेनिळे डाग, नेहमीपेक्षा जास्त पाळी : यांसाठी एक-दोन दिवसांत तपासणी. नाक चिमटून दहा मिनिटे दाबल्यावरही न थांबणारे रक्त, लाल लघवी, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधी शौच : यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय. बीट खाल्ल्याने लघवी लालसर होऊ शकते आणि लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते. शंका असेल तर तपासूनच घ्यावे. सर्वांत फसवा प्रसंग डोक्याला मार लागण्याचा. न्हाणीघरात घसरून डोके आपटले, जखम नाही, दुखतही नाही. तरीही त्याच दिवशी दाखवायला हवे, कारण कवटीच्या आतला स्राव हळूहळू वाढत जातो.

गुडघे दुखतात म्हणून काउंटरवरून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणे हे पोटातील रक्तस्रावाचे नेहमीचे कारण. जुलाबासाठी घेतलेली मेट्रोनिडाझोल गोळीही आयएनआर वाढवते. अंगदुखीसाठी दंडात किंवा कमरेत सुई टोचून घेतली तर स्नायूत रक्त साकळते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात ‘मी वॉरफरिनवर आहे’ हे रुग्णाने सुई भरण्याआधी सांगावे.