कैरोच्या सोन्याचा भाव दुप्पट कसा झाला होता, आणि तो खरंच दुप्पट होता का

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक जुना फॉरवर्ड परत फिरत आला. इजिप्तमध्ये सोनं जगाच्या दुप्पट भावानं विकलं जातंय, ज्याच्याकडं पासपोर्ट आहे त्याची चांदी आहे, असा मजकूर आणि खाली जानेवारी 2024 चे दोन फोटो. एकात कैरोतल्या दुकानाचा बोर्ड, 21 कॅरेटचा ग्रॅम चार हजार इजिप्शियन पौंड. दुसऱ्यात मोबाईलवरचा हिशोब, तेच सोनं आंतरराष्ट्रीय भावानं साधारण 1,765 पौंड. माझा मामेभाऊ गुजरीत, म्हंजे आमच्या सराफ पेठेत, सराफाकडं कामाला आहे, त्यानं लगेच फोन केला, "दादा, हे खरं असंल तर इथनं शंभर ग्रॅम न्यायचं, तिथं विकायचं आणि दुप्पट घेऊन यायचं, मग लोक का करत नाहीत?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. दोन्ही फोटोही खरे आहेत. चुकतंय ते त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत.

आधी 1,765 कुठनं आला ते बघू. जगात सोन्याचा भाव औंसावर आणि डॉलरमध्ये सांगतात, आणि हा सराफी औंस म्हंजे 31.1 ग्रॅम, किराणा मालाचा 28 ग्रॅमचा औंस नव्हे (इथंच निम्मे लोक चुकतात). जानेवारी 2024 च्या शेवटी औंस साधारण 2,030 डॉलरला होता. 31.1 नं भागलं की शुद्ध सोन्याचा ग्रॅम 65.3 डॉलर. आपल्याकडं जसं 22 कॅरेट तसं इजिप्तमध्ये 21 कॅरेट चालतं, म्हणजे 24 भागांतले 21 भाग सोनं, 0.875. गुणलं की 57.1 डॉलर. इथपर्यंत जगात कुठंही हिशोब केला तरी आकडा हाच येणार.

आता याचे पौंड करायचे. त्या वेळी इजिप्तच्या बँकेत डॉलरचा दर साधारण 30.9 पौंड होता आणि जवळजवळ वर्षभर तो तिथंच धरून ठेवलेला होता. मोबाईलनं तोच दर घेतला आणि 1,765 दाखवले. पण त्या दरानं बँक डॉलर देतच नव्हती. 2022 च्या युक्रेन युद्धानं गहू महागला, परदेशी गुंतवणूकदार पैसा काढून गेले, 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी सुएझ कालव्याचं उत्पन्नही घटलं, आणि देशात डॉलरची टंचाई झाली. बँक आधी औषधं, धान्य असल्या गरजेच्या आयातीला डॉलर देणार, सोनं आणणाऱ्याला रांगेत कोण उभं करणार. मग ज्याला डॉलर पाहिजे तो बाहेर, बेकायदा बाजारात जायचा आणि तिथला दर जानेवारीच्या शेवटी 70 च्या आसपास गेला होता.

57.1 गुणिले 70 करून बघा. 3,997. बोर्डावर लिहिलेले चार हजार.

म्हणजे कैरोतलं सोनं महाग नव्हतंच, डॉलरमध्ये ते जगाच्याच भावात होतं! बँकेचा पौंडाचा आकडा तेवढा कागदावरचा होता.

मामेभावाला मी हे त्याच्याच शंभर ग्रॅमवर करून दाखवलं. शंभर ग्रॅम 21 कॅरेट, म्हणजे 5,710 डॉलरचा माल घेऊन तू कैरोत उतरलास. विकलास, हातात आले चार लाख पौंड. आता घरी काय आणणार? पौंड इथं कुणी घेत नाही, डॉलर करून आणायला पाहिजेत. बँकेत 30.9 नं भागलं तर जवळजवळ 12,950 डॉलर होतात, हीच ती फॉरवर्डमधली दुप्पट, पण त्या खिडकीवर तुला डॉलर मिळणार नाहीत. बाहेरच्या बाजारात 70 नं भागायचं, 5,714 डॉलर. चार डॉलर सुटले, विमानाचं तिकीट अंगावर आणि पकडला गेलास तर तुरुंग. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हंजे दुप्पट झालंय ते फक्त जाताना दिसतं, येताना नाही."

बरोबर, आणि ह्या वाक्यातच सगळं यंत्र आहे. सराफ भाव ठरवताना माल कितीला घेतला होता ते बघत नाही, आज विकलेला ग्रॅम उद्या परत भरायला किती लागतील ते बघतो. गुजरीतही असंच चालतं, सकाळी स्वस्तात घेतलेलं सोनं दुपारी भाव चढल्यावर कुणी सकाळच्या भावानं देत नाही. कैरोतल्या सराफाला परत माल भरायचा तर 70 चा डॉलर लागणार, म्हणून तो 1,765 ला विकूच शकत नाही, विकला तर आठवड्यात दुकान रिकामं. आणि देशातल्याच मोडीच्या सोन्याचं काय, ते तर डॉलर न देता मिळतं की, असं कुणी म्हणेल. पण मोड घालणाऱ्या बाईलाही माहीत असतं की तिच्या बांगडीच्या बदल्यात पलीकडच्या गल्लीत किती डॉलर मिळतील, ती कमी भावाला का देईल.

मग दुप्पट फायदा कुणालाच नव्हता का? होता, ज्याला बँकेचा 31 चा डॉलर मिळत होता त्याला. त्या डॉलरनं परदेशात सोनं घ्यायचं, देशात आणून चार हजारानं विकायचं, की पैसे खरोखर दुप्पट. म्हणून तर अशा देशात सरकारी दराचा डॉलर मिळवायला ओळखी आणि पळवाटा शोधल्या जातात. ऑक्टोबर 2023 मध्ये इजिप्तच्या बँकांनी पौंडातल्या डेबिट कार्डाचा परदेशातला वापर बंद केला, कारण हेच, कार्ड परदेशात घासलं की हिशोब सरकारी दरानं होतो आणि स्वस्त डॉलर गळतो. दोन दर ठेवले की मधली दरी कुणाच्या तरी खिशात जाते. याच्या उलट मे 2023 मध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना सोन्यावरचं सीमाशुल्क सहा महिन्यांसाठी माफ केलं, म्हणजे आखाती देशात कमावणारा माणूस सोनं अंगावर घालून येईल आणि त्यासाठी देशातल्या बाजारात कुणाला डॉलर शोधावा लागणार नाही.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. बेकायदा डॉलरचा दर कुठल्या बोर्डावर लागत नाही, विचारायची भीती, सांगणाऱ्याला अटक. पण सोनं विकणं कायदेशीर आहे, त्याचा भाव काचेवर उघडा लिहिलेला असतो. मग गणित उलटं करायचं. दुकानातला भाव भागिले 57.1, आला तो लपलेला दर. कैरोच्या सराफ कट्ट्याला सागा म्हणतात आणि अशा भागाकारानं निघणाऱ्या दराला तिथले लोक 'सराफांचा डॉलर' म्हणतात, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे तो. मोटार विकणारा, फ्रीज आणणारा, सगळे त्याच्याकडं बघून आपला भाव लावत होते.

यात अजून एक बारकावा आहे. जगाचा सोन्याचा बाजार शुक्रवारी रात्री बंद होतो आणि थेट रविवारी रात्री उघडतो, मधे औंसाचा डॉलरभाव गोठलेला असतो. तेव्हा शनिवारी कैरोत भाव शंभर पौंडानं चढला तर तो सोन्यामुळं चढलेला असूच शकत नाही, हललंय ते चलन. दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात आणि आठवड्यातनं एक दिवस त्यातली एक आपोआप स्थिर राहते, प्रयोगशाळेत करतो तसं.

पण हा आरसा नेहमी स्वच्छ नसतो हेही सांगायला पाहिजे. भागाकार करताना मजुरी काढून टाकावी लागते, दागिन्याच्या भावानं केला तर दर उगाच फुगलेला येतो, बिस्किटाचा किंवा नाण्याचा भाव धरायचा. घबराट उडाली आणि लोक रांगा लावून सोनं घ्यायला लागले की भाव बाहेरच्या डॉलरलाही मागं टाकून पुढं जातो, कारण पेटीत तेवढा मालच नसतो. आणि काही वेळा फरक चलनाचा नसतोच. व्हिएतनाममध्ये 2012 पासून बरीच वर्षं एकाच सरकारी छापाची बिस्किटं अधिकृत होती, त्या छापाचं सोनं जगापेक्षा पुष्कळ महाग आणि शेजारीच बिनछापाची अंगठी मात्र तेवढी महाग नाही. चलनाचा दोष असता तर दोन्ही सारखंच महागलं असतं. त्यामुळं फरक दिसला की आधी बघायचं, तो दुसऱ्या डॉलरदराशी जुळतो का. जुळला तर चलन. नाही जुळला तर कर, परवाना किंवा टंचाई शोधायची.

आपल्याकडं आज गुजरीतला भाव आणि जगाचा भाव यात जो फरक दिसतो तो मुख्यतः कराचा आहे. आयात करणाऱ्याला बँकेत बाजारदरानंच डॉलर मिळतो, लपलेला वेगळा दर नाही. 23 जुलै 2024 ला आयात शुल्क 15 वरनं 6 टक्के झालं आणि जगात विशेष काही न होता इथला भाव त्याच दिवशी कोसळला, तेव्हा मामेभावाच्या दुकानात ज्यांनी आदल्या आठवड्यात घेतलं होतं ते तोंड पाडून आले होते. पण आमच्या आजोबांच्या पिढीनं इजिप्तसारखे दिवस बघितलेत. 1963 चा सुवर्ण नियंत्रणाचा नियम, 14 कॅरेटच्या वर दागिना करायचा नाही, कित्येक सोनारांची भट्टी विझली, आयात बंद, डॉलर मोजून मापून, आणि मग दुबईहून होडीतनं येणारी दहा तोळ्याची बिस्किटं. 14 कॅरेटची अट काही वर्षांतच उठली, पण सुवर्ण नियंत्रणाचा कायदा 1990 ला गेला. त्या काळातल्या चढ्या भावातही तस्कराच्या जोखमीच्या मोबदल्याबरोबर बाहेरच्या डॉलरचा दर मिसळलेला होता.

हे सांगायचं कारण, गुरुपुष्यामृताला घेतलं की सोनं वाढतं असं अजून लोक मनापासून मानतात आणि मुहूर्ताच्या दिवशी कर्ज काढून घेतात. हौस म्हणून घ्या, वळं घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण भावात औंस आहे, डॉलरचा दर आहे, शुल्क आहे आणि मजुरी आहे. नक्षत्राला बसायला त्यात जागाच नाही.

इजिप्तचं पुढं काय झालं? 23 फेब्रुवारी 2024 ला रास अल-हिक्मा नावाच्या किनारपट्टीसाठी अमिरातीबरोबर 35 अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला. डॉलर येणार म्हटल्यावर बाहेरचा दर 70 वरनं गडगडला आणि त्याच्याबरोबर सोनंही उतरलं, बँकेचा बोर्ड अजून 30.9 च दाखवत होता तरी. मग 6 मार्चला मध्यवर्ती बँकेनं दर सोडला आणि एका दिवसात डॉलर 31 वरनं 50 च्या जवळ गेला. बातम्यांत आलं की पौंड कोसळला, आणि मामेभावासारख्या माणसाला वाटणार की आता सोनं भडकलं असेल. नाही भडकलं. जानेवारीतल्या चार हजारांवरनं ते तीन हजारांच्या आसपास आलं होतं, जगात औंस उलट शंभर डॉलरनं महागलेला असताना. कोसळायचं होतं ते सागातल्या काचेवर आधीच लिहून झालेलं होतं, त्या दिवशी फक्त बँकेनं आपला बोर्ड पुसून बाजाराच्या आकड्याजवळ नेला.