बाळ ‘स्थिर’ होईपर्यंत : कांगारू पद्धतीमागची पार्श्वभूमी

‘कापसात ठेवून वाढवलेलं पोर’ असं कोकणातल्या जुन्या घरांत अजूनही बोललं जातं. सातमाशी पोर जन्मलं की त्याला पिंजलेल्या कापसात गुंडाळायचं, बाळंतिणीच्या खाटेखाली खापरात निखारे ठेवायचे आणि ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, ही रीत. अशा पोराला ऊब लागते हे त्या घरांना नीट ठाऊक होतं. पण कापूस स्वतः ऊब देत नाही, असलेली धरून ठेवतो. दीड किलोच्या बाळाकडे धरून ठेवण्याजोगी ऊबच थोडी असते, कारण त्याच्या कातडीखाली चरबी फारशी नसते. निखारे एका अंगाने भाजतात, दुसरं अंग गारच राहतं, आणि धूर कच्च्या फुप्फुसांत जातो.

आईच्या उघड्या छातीला बाळ लावून ठेवायची ही कांगारू पद्धत, म्हणजे ‘कांगारू मदर केअर’ किंवा केएमसी, १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात, गरिबांच्या एका प्रसूती रुग्णालयात सुरू झाली, आणि तीही नाइलाजाने. काचेच्या पेट्या कमी होत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि आठवडेच्या आठवडे लांब ठेवलेल्या आया बाळाला तिथेच सोडून जात. म्हणून बाळ आईच्या छातीशी बांधायचं, तिचंच दूध द्यायचं आणि लवकर घरी पाठवून तपासणीला बोलवत राहायचं, असं ठरलं. पद्धतीचे हे तीन भाग आहेत. आपल्याकडे पुष्कळदा पहिलाच लक्षात राहतो आणि बाळाला थोडा वेळ छातीशी धरलं की ‘केएमसी झालं’ अशी नोंद होते.

खरा घोळ मात्र ‘स्थिर’ या शब्दाने घातला. बोगोटाहून सुरुवातीला जगण्याचे जे आकडे आले, त्यांवर १९८०च्या दशकात युरोपातून रास्त आक्षेप आला. पद्धतीत घेतलेली बाळं ही पहिले काही दिवस तगून राहिलेली होती, पहिल्या दिवसांत गेलेली त्या हिशेबात नव्हती. मग १९९०च्या दशकात तिथेच चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून सातशेच्या वर बाळांची चाचणी झाली. त्यातही बाळ स्थिर झाल्यावरच घेतलं होतं. इतर देशांतल्या चाचण्यांनीही बहुतेक हीच अट उचलली. २००३ साली जागतिक पातळीवरची मार्गदर्शिका आली, तिच्यातही पद्धत स्थिर बाळासाठीच होती, आणि २०१५च्या शिफारशींत २००० ग्रॅमपर्यंतचं बाळ ‘स्थिर होताच’ असे शब्द राहिले.

म्हणजे पुरावा स्थिर बाळांचाच होता, कारण अस्थिर बाळांवर कोणी करून पाहिलं नव्हतं. आणि करून पाहिलं नव्हतं, कारण पुरावा नव्हता. स्थिर म्हणजे नेमकं काय, हेही वॉर्डागणिक बदलायचं. कुठे श्वास नीट चालला आणि सलाइन निघालं की स्थिर, कुठे वजन सलग तीन दिवस वाढलं की स्थिर. व्यवहारात बाळ आईकडे यायला तीन ते सात दिवस सहज जात, आणि लहान बाळांचे मृत्यू सर्वाधिक होतात ते याच दिवसांत. सावधगिरी म्हणून घातलेली अट पुढे सवय होऊन बसली, असं मला वाटतं. त्या काळातल्या डॉक्टरांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ऑक्सिजनची नळी लावलेलं बाळ आईच्या अंगावर द्यायचं, तर आई तिथे हवी, तिला खाट हवी, परिचारिका हवी. आपल्या बहुतेक नवजात कक्षांत आईला दाराबाहेरच्या बाकड्यावर बसवत, मग देणार कोणाकडे?

हा तिढा २०२१ साली सुटला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत १ किलो ते १.७९९ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी दिलं. त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईची खाट लावली. या बाळांना दिवसाला सुमारे १७ तास स्पर्श मिळाला, तर स्थिर होईपर्यंत थांबवलेल्या दुसऱ्या गटाला कक्षात असेपर्यंत दीड तासाच्या आसपास. २८ दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं गेली, छातीशी असलेल्या गटातली १२ टक्के. फरक इतका ठळक दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण उरलेल्या बाळांना वंचित ठेवणं योग्य ठरलं नसतं. २०२२च्या जागतिक शिफारशींत ‘स्थिर झाल्यावर’ जाऊन ‘शक्य तितक्या लवकर’ आलं, आणि वेळ दिवसाला ८ ते २४ तास सांगितली गेली. आपोआप श्वास घेऊ न शकणारं, कृत्रिम श्वासावर असलेलं किंवा रक्तदाब ढासळलेलं बाळ तेवढं अपवाद राहिलं.

घरच्या बाजूचा इतिहास याला समांतर चालला आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली, तेव्हा ऊब देण्यासाठी झबल्यासारखी उबदार पिशवी वापरत. त्या अनुभवाचा आधार घेऊन २०११पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, अशा सहा भेटी. कांगारू पद्धतीच्या राष्ट्रीय सूचना २०१४ साली आल्या, पण त्यांचा भर रुग्णालयावर होता. ही पद्धत घरीच सुरू केली तर काय होतं, याचं उत्तर हरियाणातल्या आठ हजारांवर बाळांच्या चाचणीने २०१९ साली दिलं. १.५ ते २.२५ किलोच्या बाळांतले पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

कोकणात पद्धत अडते ती हवेच्या गैरसमजावर. इथे थंडी कुठे, असं सगळेच म्हणतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये जांभ्याच्या भिंती ओल धरतात, लंगोट दोन दिवस वाळत नाहीत, आणि दमट कापडात गुंडाळलेलं बाळ कोरड्या थंडीत असावं तसं गार पडतं. बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असायला हवं. थर्मामीटर नसेल तर हाताचा पालथा भाग आधी पोटाला आणि मग तळपायाला लावायचा. दोन्ही उबदार म्हणजे ठीक. पोट उबदार आणि पाय गार म्हणजे बाळ ऊब राखायला दूध जाळतंय. दोन्ही गार असतील तर बाळ खरंच थंड पडलंय. लगेच छातीशी लावून दवाखाना गाठायचा, तोही छातीशी ठेवूनच.

बांधण्याची रीत अशी. आईने पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालून उशांना टेकून, अर्धवट उठून बसायचं. बाळाच्या अंगावर टोपी, लंगोट आणि पायमोजे एवढंच. ते दोन स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला वळवून किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दबते, ती सगळ्यात धोक्याची चूक. जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्याने बांधायचं, वरची कड बाळाच्या कानाखाली यावी. पट्टा छातीवर घट्ट आणि पोटावर सैल हवा, कारण एवढं बाळ श्वास पोटाने घेतं. एका बैठकीला निदान तासभर तरी ठेवायचं. सारखं काढ-घाल केलं तर बाळ दमतं. आईला अंघोळ-जेवणाला उठायचं असेल तर बापाची किंवा आजीची छाती तितकीच चालते. बाळ उघडं दिसलं की सिंधुदुर्गातल्या आज्या म्हणतात, “पोराक वारो लागतलो.” त्यांना दाखवायचं एवढंच, की बाळ उघडं फक्त आईच्या बाजूने आहे, पाठीवर पट्टा आणि वर पांघरूण आहे. आजीचा हात एकदा त्या तळपायांना लावून दिला की वाद बहुधा मिटतो.

हे घरी कसं बिघडतं, ते एका नमुन्यावरून पाहू. दोन-तीन घरांत दिसलेल्या गोष्टी जोडून तो केला आहे. ३३व्या आठवड्यात १५२० ग्रॅमची जन्मलेली मुलगी १९व्या दिवशी १६८० ग्रॅमची होऊन जिल्हा रुग्णालयातून माहेरी, वाडीत आली. ती अंगावर थोडं ओढायची, उरलेलं काढलेलं दूध बोंडल्याने. हिशेब साधा होता. किलोमागे १६० मिली, म्हणजे दिवसाला सुमारे २७० मिली, दर दोन तासांनी २२ मिली. वाढ किलोमागे रोज १५ ग्रॅम धरली तर तिच्यासाठी ती साधारण २५ ग्रॅम होते. २१व्या दिवशी आशाताईच्या काट्यावर ती १६९० भरली आणि २८व्या दिवशी १७६०. आठवड्यात ७० ग्रॅम, व्हायला हवे होते पावणेदोनशे.

दूध कमी आहे, पावडर सुरू करा, असं घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं. आशाताईने आधी रात्रीचं विचारलं. रात्री अकराला पाजलं की थेट पहाटे पाचला. एकचं आणि तीनचं पाजणं बाळ झोपतं म्हणून सुटायचं. म्हणजे रोज ४४ मिली, सहावा हिस्सा, गेलाच. एवढं लहान बाळ भुकेने रडून उठत नाही, उलट भुकेलं तितकं जास्त झोपतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मग छातीशी ठेवल्याचे तास मोजले. पाहुणे आले की आई संकोचाने बाळ खाली ठेवायची, दिवसाचे जेमतेम तीन तास भरत. आणि रोज सकाळी सुईण तेल लावून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. न्हाण्यानंतर पाय तासभर गार राहायचे.

पावडर आणली नाही. मोबाइलवर एक आणि तीनचा गजर लावला. रात्री अकराला काढलेलं दूध झाकून ठेवून चार तासांच्या आत वापरायचं ठरलं. न्हाण बंद करून फक्त कोमट पाण्याने पुसायचं, धुरी बंद. सुईण रागावली, तिच्याकडे आईची मालीश ठेवली तेव्हा निवळली. माजघरात पडदा टाकून आईची जागा केली, आणि मुंबईहून सुट्टीवर आलेल्या बापाने रात्रीचे दोन तास घेतले. ३५व्या दिवशी जास्तीच्या फेरीत वजन १९३० आणि ४२व्या दिवशी २१२०.

वजन वाढलं नसतं, किंवा बाळाने दोन वेळा सलग दूध सोडलं असतं, श्वास मिनिटाला ६०च्या वर गेला असता, बरगड्यांखाली खड्डा पडला असता, तळवे पिवळे दिसले असते, तर घरी दुरुस्त्या करत न बसता १०८ला फोन करायचा होता, हे त्या आईला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं होतं.

पट्टा कधी सोडायचा हे मुलीनेच सांगितलं. अडीच किलोच्या जवळ आल्यावर ती घामेजून हातपाय बाहेर काढू लागली, बांधलं की चुळबुळ करून रडू लागली. त्या आठवड्यात लुगड्याचा पट्टा धुऊन वाळत पडला, आणि पाऊस उघडलेला असल्याने एका दिवसात वाळलाही.