धातुसाधित विशेषणे (‘-लेला’, ‘-णारा’)

धातूला ‘-लेला’ किंवा ‘-णारा’ जोडून होणारी, नामाआधी येणारी विशेषणे. ‘जे काम मी केले ते’ याऐवजी मराठी माणूस सहसा ‘मी केलेले काम’ म्हणतो. ‘जे–ते’ ही जोडी गळते आणि अख्खे वाक्य नामाआधी विशेषण होऊन बसते. त्यातला कर्ता मात्र आपला प्रत्यय सोडत नाही: ‘राधाने केलेले काम’. विशेषण नामाप्रमाणे बदलते: केलेला स्वयंपाक, केलेली भाजी, केलेल्या कामाचे पैसे, येणाऱ्या गाडीने.

‘-लेला’ भूतकाळाचा आणि ‘-णारा’ भविष्याचा, ही शाळकरी समजूत अर्धीच खरी आहे. ‘काल ज्याने आपल्याला रस्ता दाखवला तो माणूस आज भेटला’ हे वाक्य आटोपशीर करून पाहावे. घटना कालची, तरी ‘काल आपल्याला रस्ता दाखवणारा माणूस आज भेटला’ असेच म्हणावे लागते. ‘दाखवलेला माणूस’ म्हटले, तर तो कोणीतरी बोट करून दाखवला, असे ऐकू येते. काळ ‘काल’ या शब्दाने सांगितला. प्रत्ययाने सांगितले ते दाखवण्याशी माणसाचे नाते. सकर्मक क्रियापदात कर्त्याकडे ‘-णारा’ जातो आणि कर्माकडे ‘-लेला’: पत्र लिहिणारी मुलगी, मुलीने लिहिलेले पत्र. अकर्मकात कर्म नसल्याने काळाला वाव मिळतो: आलेला पाहुणा, येणारा पाहुणा. क्रिया चालू असेल तर ‘करत असलेले काम’. नकारात ‘न’ आधी येतो: न केलेले काम.

नियमाला मोठी पळवाट आहे. अंगावर किंवा अंगात राहणाऱ्या क्रियांमध्ये कर्त्यालाही ‘-लेला’ चालतो: चष्मा घातलेला माणूस, साडी नेसलेली बाई, दारू प्यायलेला ड्रायव्हर. त्याहून गमतीदार म्हणजे ‘नवरा वारलेली बाई’. वारला नवरा, पण विशेषण जुळते बाईशी; ‘जिचा’ हा शब्द न उच्चारताच कळतो. ‘पाय मोडलेली खुर्ची’ही तशीच.

पण प्रत्येक नाते असे न सांगता कळत नाही. ‘ज्याच्याशी मी भांडलो तो शेजारी’ याचे ‘मी भांडलेला शेजारी’ केले की ‘-शी’ हरवते आणि वाक्य अवघडते. ‘ज्याच्यापेक्षा मी उंच आहे तो मुलगा’ याला तर पर्यायच नाही. तिथे ‘जो–तो’ लागतोच.

विशेषणे एकात एक कोंबली तरी घोटाळा होतो. ‘पोलिसांनी पकडलेल्या दुकान फोडणाऱ्या चोराने लपवलेले दागिने’ वाचताना पकडले कोणाला, हे ‘चोराने’पर्यंत कळत नाही. ‘दुकान फोडणारा जो चोर पोलिसांनी पकडला, त्याने लपवलेले दागिने’ हे लांब आहे, पण एका दमात समजते.

‘गेल्या वर्षी’, ‘गेले दोन दिवस’ यांत मात्र ‘-लेला’ऐवजी नुसता ‘-ला’ विशेषणाचे काम करतो. इथे ‘गेलेल्या वर्षी’ कोणी म्हणत नाही.