विस्कटलेली वाक्ये जुळवताना : सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते?

आमच्या सरावसंचातील 'वाक्यांचा योग्य क्रम लावा' हे प्रश्न सोडवण्याआधी एवढे वाचून घ्या. नमुन्यासाठी ही पाच वाक्ये :

(अ) त्यावरून बाकीच्या माश्यांना कुठे आणि किती दूर उडायचे ते समजते.
(ब) हा नाच ती इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात करते.
(क) मधमाश्या अन्नाचा पत्ता एकमेकींना नाचून सांगतात.
(ड) फुलांची नवी जागा सापडलेली एक माशी पोळ्यावर परतते आणि नाचू लागते.
(इ) त्यातल्या मधल्या सरळ रेषेचा रोख दिशा दाखवतो आणि ती रेषा चालायला लागणारा वेळ अंतर.

आधी पहिले वाक्य शोधू नका, जे पहिले असूच शकत नाही ते बाजूला काढा. 'त्यावरून', 'हा नाच', 'त्यातल्या' हे शब्द मागे काहीतरी सांगून झाले आहे असे गृहीत धरतात, म्हणून अ, ब आणि इ बाद. उरले क आणि ड. दोन्ही स्वतःच्या पायावर उभी आहेत, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. 'एक माशी' नव्याने येते म्हणून ड पहिले वाटते. पण क सगळ्या मधमाश्यांबद्दल आहे, ड एकीबद्दल. ड आधी घेतले तर क शेवटी टाकावे लागते, आणि तोवर ते सांगण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून क, मग ड.

आता जोड्या बांधा. ब मध्ये दोन धागे आहेत : 'हा नाच' आणि 'ती'. नाच आणि एकटी माशी ही दोन्ही फक्त ड मध्ये एकत्र भेटतात, म्हणून ड-ब ही जोडी पक्की. 'ती' म्हणजे इ मधली 'रेषा' समजून ब तिच्या मागे लावले जाते, कारण लिंग जुळते. तेव्हा लिंग जुळल्यावरही सर्वनामाच्या जागी ते नाम ठेवून वाक्य वाचा. रेषा नाच करत नाही.

इ मधल्या 'त्यातल्या'ला मधली रेषा असलेला आकार हवा. तो ब देतो. अ मधले 'त्यावरून' मात्र एका नामाकडे नाही, दिशा आणि अंतर सांगणाऱ्या अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवते, म्हणून ते इ नंतर. उत्तर : क-ड-ब-इ-अ.

मराठीत तो, ती, ते यांतून लिंग लगेच कळते, पण विभक्ती लागली की 'त्याला', 'त्याचा' ही रूपे पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दोन्हींची असतात. 'त्यांनी' तर त्याहून फसवे : त्यात अनेकजण असू शकतात, किंवा आदराने उल्लेखलेली एकच व्यक्ती. अशा ठिकाणी एकट्या सर्वनामावर जोडी बांधू नका, वाक्यात दुसरा धागा सापडेपर्यंत ती कच्चीच धरा.